‘उठा’ म्हणण्याआधी

“पाठ ताठ ठेवा, पोट आत घ्या, गुडघे पायाच्या बोटांपुढे जाऊ देऊ नका, श्वास रोखू नका आणि आता सावकाश खुर्चीवरून उठा.” घरच्या घरी व्यायाम शिकवणाऱ्या व्हिडिओंमध्ये या धाटणीचं वाक्य हमखास ऐकू येतं. बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो. बघणाऱ्याला इजा होऊ नये म्हणून तो सगळी पथ्यं आधीच सांगून टाकतो. पण हे वाक्य ऐकून एकदा खरोखर उठून बघावं. साध्या खुर्चीत मागे टेकून बसायचं, तळपाय गुडघ्यांच्या थोडे पुढे ठेवायचे, हात छातीशी घ्यायचे, पाठ अगदी ताठ करायची आणि उठायचं. उठता येत नाही. तरुण, धडधाकट माणसालाही येत नाही.

बसलेल्या माणसाचं बहुतेक वजन खुर्चीच्या बैठकीवर असतं. उभं राहायचं तर ते आधी तळपायांवर यावं लागतं. त्यासाठी दोनच मार्ग आहेत : पाय मागे घेणं आणि धड पुढे झुकवणं. रोजच्या व्यवहारात आपण हे दोन्ही नकळत करतो. व्हिडिओतला माणूस ‘पाठ ताठ’ म्हणतो तेव्हा त्याला ‘पोक काढू नका’ एवढंच म्हणायचं असतं. बघणारा मात्र धड उभं ठेवतो आणि अडकतो. मग तो झटका देतो, गुडघ्यांवर हात मारून उसळी घेतो, किंवा आपल्यालाच जमत नाही असं समजून व्हिडिओ बंद करतो. चूक त्याच्या पायांत नसते, सांगण्यात असते.

व्यायामशाळेत किंवा योगवर्गात शिक्षक समोर उभा असतो. त्याचं वाक्य फसलं तरी त्याला विद्यार्थी दिसतो. तो पुढे येऊन खांद्याला हात लावतो, पाय सरकवून देतो. चित्रफितीतल्या शिक्षकाला समोरचं काहीच दिसत नाही. त्यातून बघणाराही सतत बघत नसतो. पुढे वाकला की त्याची नजर फरशीवर जाते, मोबाइल वर कपाटावर राहतो. म्हणजे नेमक्या अवघड क्षणी त्याच्यापर्यंत पोचतो तो फक्त आवाज. म्हणून घरच्या प्रेक्षकासाठी व्यायामाची संहिता लिहायची असेल, तर ती आधी आवाजासाठी लिहावी लागते. चित्र तिच्या मदतीला असतं.

नुसत्या आवाजावर व्यायाम शिकवण्याचा सर्वांत मोठा अनुभव जपानच्या गाठीशी आहे. तिथे १९२८च्या नोव्हेंबरमध्ये सम्राट हिरोहितो यांच्या राज्यारोहण सोहळ्याच्या निमित्ताने आकाशवाणीवरून कवायत सुरू झाली. कल्पना अमेरिकेतल्या एका विमा कंपनीच्या रेडिओ-व्यायामावरून घेतलेली होती आणि पुढाकार होता टपाल खात्याच्या आयुर्विमा विभागाचा. महायुद्धानंतर काही काळ ती बंद पडली. आजची पहिली कवायत १९५१ साली बसवलेली आहे : पियानोच्या साथीवर सुमारे तीन मिनिटांत तेरा हालचाली. सकाळी साडेसहाला लोक अजूनही बागांमध्ये, मैदानांत जमून ती करतात.

या कवायतीत सांगणारा काय करतो हे ऐकण्यासारखं आहे. एक हालचाल संपायला तीन-चार ठोके उरलेले असतात, तेव्हाच तो पुढची सांगतो. वाक्य छोटं असतं, आणि ते संपतं तेव्हा नव्या हालचालीचा पहिला ठोका पडतो. ऐकणाऱ्याला काय करायचं ते आधी कळतं, कधी करायचं ते नंतर. आपल्याकडे शाळेच्या पीटीच्या तासाला जिने-जिने कवायत केली आहे, त्यांना ही पद्धत ओळखीची वाटेल. ‘पीछे’ म्हटल्यावर कोणी हलत नाही, सगळे तयार होतात. मध्ये एक क्षण जातो आणि ‘मुड’वर सगळी रांग एकदम वळते. पहिला शब्द सूचनेचा, दुसरा हुकमाचा. घरच्या व्यायामाला तो करडा स्वर नको, पण ती रचना घ्यावी. मराठी वाक्याला ती सोयीचीही आहे, कारण आपलं क्रियापद शेवटी येतं. ‘नाक पुढे… उठा’ असं म्हटलं की ‘उठा’पर्यंत माणूस आपोआप थांबतो. मात्र वाक्य लांबलं की हीच सोय अडचण होते. ‘दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर घट्ट ठेवून, धड हळूहळू पुढे झुकवत, टाचा जमिनीला टेकलेल्या असताना…’ इतकं ऐकेपर्यंत पहिला तपशील डोक्यातून गेलेला असतो आणि करायचं काय ते अजून आलेलंच नसतं. चार-पाच शब्दांचं एक वाक्य आणि त्यात एकच काम, एवढं बंधन पाळलं तर ही अडचण राहत नाही.

खुर्चीवरून उठणं-बसणं हा व्यायाम दिसायला किरकोळ आहे, पण मांड्या आणि नितंब यांच्या ताकदीवर तो चालतो. पलंगावरून उठणं, एसटीच्या सीटवरून उठणं, संडासातून उठणं हे सगळं त्यातच येतं. म्हणूनच ज्येष्ठांची ताकद जोखायला जगभर याचीच चाचणी वापरतात : साधारण ४३ सेंटिमीटर उंचीच्या खुर्चीवरून, हात छातीशी घेऊन, तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या तक्त्यात ६५ ते ६९ वयाच्या स्त्रियांसाठी अकरापेक्षा कमी आणि पुरुषांसाठी बारापेक्षा कमी हा आकडा सरासरीखालचा धरलेला आहे. ही चाचणी कोणीतरी शेजारी उभं राहून घ्यायची असते. घरच्या व्हिडिओत घड्याळ लावून ती घेऊ नये, हे इथे ठासून सांगायला हवं. आकडा गाठायचा म्हटलं की माणूस खुर्चीवर आपटत बसतो, आणि सगळा धोका त्या आपटण्यात असतो.

आता एक प्रेक्षक डोळ्यांपुढे ठेवून संहिता लिहून बघू. समजा, एक बाई आहेत, वय ६८. रक्तदाबाची गोळी चालू आहे, जिना उतरताना उजवा गुडघा दुखतो. मोबाइल टीव्हीच्या कपाटावर डब्याला टेकवून ठेवलेला. घरात प्लॅस्टिकच्या हलक्या खुर्च्या, खाली गुळगुळीत फरशी, समोर एक पायपुसणं. दुपारची वेळ, घरात दुसरं कोणी नाही.

त्यांच्यासाठी पहिलं वाक्य व्यायामाचं असूच शकत नाही. ते खुर्चीचं असायला हवं.

“खुर्ची घ्या. हातांची, बिनचाकांची.”

“तिची पाठ भिंतीला लावा.”

“खालचं पायपुसणं उचला. मोजे काढा.”

“साडी, गाऊन घोट्याच्या वर घ्या.”

प्रत्येक वाक्यानंतर ते काम करायला लागेल तेवढा वेळ गप्प राहायचं. पायपुसणं उचलून बाजूला टाकायला सात-आठ सेकंद लागतात. बहुतेक व्हिडिओंत ही तयारी पाच सेकंदांत उरकली जाते, मग बघणारा ती करत नाही, ऐकून सोडून देतो. पडद्यावरच्या माणसाने स्वतः खुर्ची उचलून भिंतीला लावावी, पायपुसणं उचलावं. घरातली माणसं ते बघून उठतात.

हलक्या प्लॅस्टिकच्या खुर्चीचा एक धोका लक्षात ठेवण्यासारखा आहे. माणूस बैठकीच्या पुढच्या टोकाशी सरकला आणि त्याने खुर्चीच्या हातांच्या अगदी पुढच्या टोकावर जोर दिला, तर मागचे पाय उचलले जातात आणि खुर्ची पुढे कलंडू शकते. भिंत तिला मागे सरकू देत नाही, पण पुढे कलंडण्यापासून वाचवत नाही. म्हणून घरात लाकडी, जड खुर्ची असेल तर ती घ्यायला सांगावं, आणि हात कुठे ठेवायचे ते नेमकं सांगावं. बैठक खूप खोल असेल, गुडघे नितंबांपेक्षा वर येत असतील, तर सतरंजीची घट्ट घडी करून बैठकीवर टाकता येते. दोन-तीन इंच उंचीनेही गुडघ्यावरचा भार जाणवण्याइतका कमी होतो. मऊ उशी मात्र नको. ती दबते आणि घसरते.

यानंतर थांबण्याच्या खुणा सांगायच्या. त्या व्हिडिओच्या खाली बारीक अक्षरांत लिहून काम भागत नाही. ‘तब्येतीची काळजी घेऊन करा’ या वाक्याने तर कोणालाच काही कळत नाही. काय जाणवलं तर काय करायचं, हे दोन्ही हवं.

“छातीत दाब, चक्कर किंवा गुडघ्यात एकदम कळ – लगेच बसा. आजचा व्यायाम संपला.”

“छातीतला दाब बसूनही गेला नाही, तर १०८ ला फोन करा.”

इथे शब्दांची निवड जपून करावी लागते. ‘दुखलं तर थांबा’ असं म्हटलं तर आधीपासून गुडघा दुखणाऱ्या बाई पहिल्या वेळेलाच थांबतील किंवा सूचनेकडे कायमचं दुर्लक्ष करायला शिकतील. त्यांच्यासाठी फरक सांगायला हवा : रोजचं, ओळखीचं, तेवढंच राहणारं दुखणं असेल तर बैठक उंच करून बघता येतं, अचानक उठलेली, वाढत जाणारी कळ असेल तर थांबायचं. मांड्या भरून येणं मात्र अपेक्षित आहे आणि तेही सांगून टाकावं, म्हणजे नवख्या माणसाला धास्ती वाटत नाही.

काही जणांनी ही चित्रफीत बघून व्यायाम करूच नये, हेही सुरुवातीलाच आलं पाहिजे. खुब्याच्या सांध्याचं ऑपरेशन नुकतंच झालेल्यांना धड किती पुढे झुकवायचं याची मर्यादा सर्जनने घालून दिलेली असू शकते, आणि आपला सगळा व्यायाम तर झुकण्यावरच उभा आहे. नुकताच हृदयविकाराचा झटका आलेले, उभं राहिल्यावर वारंवार तोल जाणारे, गेल्या काही महिन्यांत पडलेले, यांना आधी डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टकडे पाठवावं. हे सांगायला वीस सेकंद लागतात आणि ती वाचवू नयेत.

आता बैठक.

“पुढे सरका. अर्ध्या खुर्चीवर बसा.”

“पायांत एक वीत अंतर.”

“पाय मागे घ्या. टाचा टेकलेल्याच.”

“हात खुर्चीच्या हातांवर, मध्यावर.”

‘पाय मागे’ हे चारांतलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य आहे. न उठता येणाऱ्या कितीतरी जणांची अडचण एवढ्यानेच सुटते. पण किती मागे, हे कोनांत किंवा सेंटिमीटरांत सांगून उपयोग नसतो. टाच उचलली जायला लागली की तेवढं पुरे, ही खूण माणसाच्या स्वतःच्या पायाला कळते. अंतरासाठी वीत चांगली, कारण मोजपट्टी प्रत्येकाच्या हाताशी असते.

मग हालचाल. पहिली वेळ सावकाश, एकेक तुकडा करून. पुढच्या चार वेळा त्याच शब्दांत, फक्त कमी थांबत.

“नाक पुढे, बोटांच्या वर…”

“पायांनी जमीन दाबा… उठा.”

“थांबा. एक श्वास.”

“बूड मागे… बसा, दोन, तीन.”

‘नाक पायाच्या बोटांवर’ ही फिजिओथेरपिस्टांच्या नेहमीच्या वापरातली सूचना आहे. धड किती झुकवायचं, मान कुठे, नजर कुठे, हे सगळं त्या एका खुणेत येतं. ‘मांड्यांचे स्नायू आवळा’ न म्हणता ‘जमीन दाबा’ का म्हणायचं, याला मात्र प्रयोगांचा आधार आहे. गॅब्रिएले वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली स्कीइंगसारखी हालचाल करायला लावणाऱ्या यंत्रावर लोकांना शिकवून पाहिलं. काहींना आपल्या पायांकडे लक्ष द्यायला सांगितलं, काहींना पायांखालच्या फळीच्या चाकांकडे. चाकांकडे लक्ष देणारे अधिक चांगले शिकले. त्यानंतर अनेक हालचालींवर झालेल्या अभ्यासांतही बऱ्याचदा हाच कल दिसला : शरीराच्या आतल्या भागावर लक्ष खिळलं की हालचाल अडखळते, बाहेरच्या परिणामावर खिळलं की ती जुळून येते. मांडीचा कुठला स्नायू आवळायचा याचा विचार करत कोणीच खुर्चीवरून उठत नाही. जमीन खाली ढकलणं मात्र सगळ्यांना समजतं.

‘गुडघे बोटांपुढे जाऊ देऊ नका’ हे वाक्य संहितेत का नाही, हा प्रश्न जाणकार वाचकाला पडेल. वजन उचलून बैठका मारणाऱ्यांवर २००३ साली झालेल्या एका अभ्यासात गुडघ्यांपुढे फळी उभी करून ते अडवले. गुडघ्यावरचा भार थोडा घटला, पण खुब्याच्या सांध्याकडचा भार कितीतरी पटींनी वाढला, कारण धड जास्त पुढे वाकलं. खुर्चीवरून उठताना तर गुडघे थोडे पुढे गेल्याशिवाय वजन पायांवर येतच नाही. लक्ष ठेवायचं ते गुडघे एकमेकांकडे कलतात का यावर. उठण्याच्या पहिल्या क्षणी, जोर लागतो तेव्हा, दमलेल्या माणसाचे गुडघे आत ओढले जातात. त्यासाठी दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला एकच वाक्य टाकावं : “गुडघे बोटांच्या दिशेने.” ‘आत जाऊ देऊ नका’ असं म्हणू नये. नकार ऐकल्यावर काय टाळायचं ते कळतं. त्याऐवजी काय करायचं ते माणसाला शोधावं लागतं, आणि तेवढा वेळ त्याच्यापाशी नसतो.

उभं राहिल्यावरचं ‘थांबा, एक श्वास’ नुसतं विश्रांतीसाठी नाही. बसलेला माणूस उभा राहिला की रक्त पायांकडे उतरतं आणि रक्तदाब क्षणभर घसरतो. शरीर तो लगेच सावरतं. वय झाल्यावर किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे सावरायला वेळ लागतो, मग डोळ्यांपुढे अंधारी येते. उभं राहिल्यापासून तीन मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब २० किंवा खालचा १०ने उतरला, तर डॉक्टर त्याला उभं राहिल्यावर होणारी रक्तदाबाची घसरण म्हणतात. आपल्या ६८ वर्षांच्या बाईंना हे होत असेल तर ते पहिल्यांदा उठल्यावरच कळायला हवं. म्हणून पहिल्या वेळेला थांबा मोठा ठेवावा, आवाजात पाच मोजावेत आणि विचारावं : “डोळ्यांपुढे अंधारी? बसा.” पोटऱ्या खुर्चीला लागलेल्या राहतील असं उभं राहायला सांगितलं, तर खुर्ची कुठे आहे हे मागे न बघता कळतं.

श्वासाचं काय? ‘उठताना श्वास सोडा, बसताना घ्या’ ही सूचना बरोबर आहे, पण नवखा माणूस तिच्यात गोंधळतो. उलटं होतंय का याची काळजी करत तो श्वासच रोखून धरतो. जोर लावताना श्वास रोखला की रक्तदाब झपकन चढतो, आणि तेच तर टाळायचं आहे. यावर साधा उपाय म्हणजे त्यांना मोठ्याने मोजायला लावणं. “माझ्याबरोबर मोठ्याने मोजा” असं एकदा सांगितलं की श्वासाबद्दल वेगळं काहीच बोलावं लागत नाही. बोलणारा माणूस श्वास रोखू शकत नाही.

पाच वेळा झालं की मागे टेकून एक मिनिट बसायचं. या मिनिटात संगीत वाढवून भाषण करण्याऐवजी एक प्रश्न विचारावा : “तुमचं नाव आणि पत्ता एका दमात सांगता येतो?” येत असेल तर दुसरी फेरी करायची. अर्ध्यात धाप लागत असेल तर आज एवढंच. किती दमायचं याचं माप म्हणून बोलता येणं ही खूण व्यायामशास्त्रात रुळलेली आहे, आणि नाडी मोजण्यापेक्षा ती घरी सोपी पडते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२०च्या शिफारशींत स्नायूंच्या ताकदीचे व्यायाम आठवड्यातून किमान दोन दिवस आणि ज्येष्ठांसाठी तोल व ताकद मिळून केलेले व्यायाम तीन दिवस सांगितले आहेत. तेवढे दिवस ही पाच मिनिटांची चित्रफीत लावली तरी सुरुवात म्हणून चांगली.

चित्राबद्दल फार सांगण्यासारखं नाही, पण कॅमेऱ्याची जागा महत्त्वाची आहे. समोरून काढलेल्या चित्रात धड किती झुकलं ते दिसतच नाही, नुसतं डोकं खाली आल्यासारखं वाटतं. पहिल्या दोन वेळा बाजूने दाखवावं, मग ‘गुडघे बोटांच्या दिशेने’ म्हणताना समोरून. कपडे असे असावेत की गुडघा आणि टाच स्पष्ट दिसेल. काळ्या भिंतीपुढे काळी पँट घालून केलेली प्रात्यक्षिकं बघणाऱ्याला काही शिकवत नाहीत. शिवाय दोन माणसं हवीत, एक हात टेकून उठणारं आणि एक हात छातीशी घेऊन. जपानच्या दूरदर्शनवरच्या कवायतीत उभ्याने करणाऱ्यांच्या शेजारी खुर्चीवर बसून करणाराही असतो; तीच गोष्ट, त्याच तालावर, बसून. सोपा प्रकार शेवटी ‘ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी’ म्हणून दाखवला की तो कोणी निवडत नाही. तो पहिल्या क्षणापासून शेजारी चालू असला की लोक न सांगता त्याच्याकडे बघून करतात.

संहिता लिहून झाल्यावर कॅमेरा लावण्याआधी तिची परीक्षा घ्यायची. घरातल्या एखाद्या ज्येष्ठाला खुर्चीवर बसवायचं, स्वतः त्यांच्या मागे, पण पडले तर धरता येईल इतक्या जवळ उभं राहायचं आणि संहिता वाचायची. हातवारे नाहीत, दुरुस्ती नाही, ‘म्हणजे असं’ नाही. ते कुठे मान वळवून मागे बघतात ते कागदावर खूण करून ठेवायचं. जिथे मान वळली, तिथे वाक्याने काम केलेलं नाही. जिथे ते वाक्य संपण्याआधीच हलले, तिथे क्रियापद फार लवकर आलं किंवा थांबा कमी पडला. जिथे ते स्तब्ध बसून राहिले, तिथे बहुधा एका वाक्यात दोन कामं होती. ‘पाय मागे घ्या आणि हात ठेवा’ हे वाक्य या परीक्षेत हमखास नापास होतं : हात ठेवले जातात, पाय पुढेच राहतात.

दुसरी परीक्षा कानांनी घ्यायची, आणि ती बसण्याची आहे. उठणं सगळ्यांना महत्त्वाचं वाटतं, बसणं म्हणजे सुटका वाटते, त्यामुळे शेवटचे चार इंच माणूस स्वतःला सोडून देतो आणि खुर्चीवर धप्प आवाज होतो. वास्तविक सावकाश खाली येतानाही मांड्यांना चांगलं काम मिळतं, आणि मणक्याला हादरा बसतो तो त्या धप्पमुळे. धप्प ऐकू आलं तर ‘हळू बसा’ असं आणखी एक वाक्य घालण्यापेक्षा आधीचंच वाक्य ताणावं. ‘बूड मागे… बसा’ हे म्हणताना बैठकीला स्पर्श ‘तीन’वर व्हायला हवा, म्हणून ‘दोन’ आणि ‘तीन’ यांच्यामध्ये एक पूर्ण सेकंद जाऊ द्यावा. तरीही आवाज येत असेल तर दोष शब्दांचा नाही, बैठक खाली आहे. सतरंजीची घडी वाढवायची. पाचही वेळा आवाज न करता बसणं दोन-तीन आठवडे जमत असेल, तर पुढच्या भागाची संहिता लिहायला घ्यावी. तिच्यात सगळं तसंच ठेवून फक्त एक वाक्य बदलायचं : “एक हात खुर्चीवर, एक मांडीवर.”